साहेबांचं भाषण साहेबांसारखंच वाटावं म्हणून या चुका टाळा

भाषण छान लिहून दिलं. साहेबांनी ते व्यवस्थित वाचलं, टाळ्याही पडल्या. आणि सभागृहातून बाहेर पडताना मागच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "आज साहेब वाचत होते." दुसऱ्याच्या नावाने भाषणं लिहिणाऱ्याला याहून नेमकी तक्रार मिळणार नाही. समोर बसलेली माणसं या अधिकाऱ्याला वर्षानुवर्षं बैठकांमध्ये ऐकत आलेली असतात. ते रागावले की कसे बोलतात, अडचणीचा प्रश्न आला की सुरुवात कुठून करतात, हे त्यांना तोंडपाठ असतं. मजकूर दुसऱ्याचा आहे हे त्यांना दोन मिनिटांत कळतं आणि मग आतल्या मुद्द्यावरचा विश्वासही थोडा कमी होतो.

असं का होतं, याची कारणं बहुतेक वेळा ठरलेली असतात. त्यातली जी सर्वांत जास्त नडतात, त्यांच्याबद्दलच इथे लिहितो. सोबत एक उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवू: एका कंपनीचे कामकाज संचालक, आठ मिनिटांचं भाषण, श्रोते सगळे कर्मचारी. विषय अवघड आहे. गोदामांसाठी नवी संगणक प्रणाली आणली आणि सुरुवातीचे काही आठवडे माल वेळेवर गेलाच नाही.

जुनी भाषणं वाचून लिहायला बसणं

पहिली चूक लिहायच्या आधीच होते. काम आलं की लेखक साहेबांची मागची चार भाषणं मागवतो आणि त्यांवरून शैली शोधू लागतो. ती भाषणंही कुणीतरी लिहूनच दिलेली असतात. म्हणजे हाती लागते ती आधीच्या लेखकाची शैली, आणि तिच्यावर आपलं आणखी एक पुट चढतं. वार्षिक अहवालातलं मनोगत, वर्तमानपत्रात छापून आलेली मुलाखत, लिंक्डइनवरचं लिखाण यांचंही तेच. या सगळ्यांवरून दुसऱ्यांचे हात फिरलेले असतात.

खरा नमुना मिळतो तो कागद समोर नसताना केलेल्या बोलण्यात. भाषणानंतरची प्रश्नोत्तरं सर्वांत उत्तम. त्याखालोखाल आढावा बैठकीचं रेकॉर्डिंग, किंवा साहेबांनी सहकाऱ्याला पाठवलेला लांबलचक व्हॉइस मेसेज. यातलं काहीच नसेल, तर वीस-पंचवीस मिनिटं प्रत्यक्ष मागून घ्या आणि परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. प्रश्नावली मेलवर पाठवू नका. तिची उत्तरं स्वीय सहायक लिहितात.

प्रत्यक्ष भेटीतही प्रश्न कसा विचारता यावर सगळं अवलंबून आहे. "कर्मचाऱ्यांना आपला संदेश काय?" असं विचारलंत की समोरून संदेशच येतो: गुळगुळीत, कुणाचाही. "त्या आठवड्यात नक्की काय झालं? पहिला फोन कुणाचा आला?" असं विचारा. घडलेलं सांगायला लागला की माणूस आपल्या चालीने बोलायला लागतो.

रेकॉर्डिंग हाती आलं की त्यातली पाच-सात मिनिटं स्वतः ऐकून जशीच्या तशी उतरवून काढा. अडखळणं, पुनरुक्ती, अर्धवट सोडलेली वाक्यं, सगळं. सारांश काढून देणाऱ्याकडे हे काम देऊ नका, कारण सारांशात नेमकी तीच गोष्ट गळते जी आपल्याला हवी असते. नमुना कुठल्या प्रसंगाचा आहे हेही बघा. पुरवठादाराशी वाद घालतानाचा साहेबांचा आवाज खराच असतो, पण तो आवाज शंभर-दोनशे माणसांसमोर उभं राहून ते वापरत नाहीत. स्वतःच्या माणसांशी बोलतानाचा नमुना शोधा.

लकब उचलणं आणि चाल सोडून देणं

ही चूक सर्वांत मोठी, आणि ती मेहनती लेखकच करतात. ते नीट ऐकतात, साहेब "बघा" फार वेळा म्हणतात हे टिपतात आणि भाषणात सहा ठिकाणी "बघा" पेरतात. परिणाम नकलेसारखा होतो. श्रोते हसतात आणि साहेबांना कळत नाही की का हसले.

आपल्या उदाहरणातल्या संचालकांचं बोलणं उतरवून काढल्यावर असं दिसतं:

"नाही, म्हणजे बघा, चार तारखेला सिस्टीम सुरू झाली. सहा तारखेला सकाळी मला गोदामातून फोन. साहेब, पावतीच निघत नाही. मी म्हटलं, कागदावर लिही. कागदावर लिही आणि गाडी सोड. आता तुम्ही म्हणाल, कागदावरच लिहायचं होतं तर सिस्टीम कशाला आणली? बरोबर आहे. पण कागदावर किती दिवस चालणार हे? रोज तीनशे गाड्या. नाही चालणार. म्हणून आणली."

यात "म्हणजे" आणि "बघा" आहेत, पण ते ओळखीचं खरं ठिकाण नव्हे. क्रम बघा. हे गृहस्थ तारखेपासून सुरुवात करतात, मतापासून नाही. मग एक छोटा प्रसंग येतो, त्यात दुसऱ्याचं बोलणं येतं आणि "तो म्हणाला" असं न जोडता थेट येतं. मागच्या वाक्याचे शेवटचे शब्द पुन्हा उचलून पुढचं वाक्य सुरू होतं: "कागदावर लिही. कागदावर लिही आणि गाडी सोड." त्यानंतर श्रोत्याचा आक्षेप ते स्वतःच मांडतात आणि मोकळेपणाने मान्य करतात. आकडा एकच येतो, तोही क्रियापदाशिवाय. निष्कर्ष सर्वांत शेवटी, दोन शब्दांत.

ही त्यांची चाल. एकही लकबीचा शब्द न वापरता ती कागदावर उतरवता येते. उलट लकबीचे शब्द मुद्दाम गाळावेत असंच माझं मत आहे, कारण ते बोलताना आपोआप पडतात. कागदावर "बघा" लिहिलंत तर साहेब आपलं एक "बघा" त्याच्या आधी घालतील, आणि मग दोन होतील.

आता तीन मसुदे शेजारी ठेवून पाहू. पहिला, कचेरीत नेहमी तयार होणारा:

"गेल्या वर्षी आपण डिजिटल परिवर्तनाच्या दिशेने एक महत्त्वपूर्ण पाऊल उचलले. या प्रवासात काही आव्हाने आली, परंतु आपल्या सर्वांच्या सांघिक प्रयत्नांमुळे त्यांवर यशस्वीरीत्या मात करण्यात आली."

दुसरा, लकबींच्या मोहात पडलेला:

"तर बघा मित्रांनो, सिस्टीम आली. म्हणजे बघा, अडचणी आल्या. आता तुम्ही म्हणाल, अडचणी का आल्या? बरोबर आहे! बघा, आव्हानं तर येणारच."

तिसरा, चाल पकडणारा:

"चार तारखेला आपण नवी सिस्टीम सुरू केली. सहा तारखेला गोदामातून फोन आला. साहेब, गाड्या उभ्या आहेत. किती? चाळीस. चाळीस गाड्या आणि एकाचीही पावती नाही. त्या दिवशी तुमच्यातल्या अनेकांनी हाताने पावत्या लिहिल्या, रात्री उशिरापर्यंत. तुम्हाला तेव्हा वाटलं असेल, जुनं काय वाईट होतं? रास्त आहे. जुनं वाईट नव्हतं. पण रोज तीनशे गाड्या जुन्या पद्धतीने निघत नाहीत. निघत असत्या, तर बदललं नसतं."

तिसऱ्यात एकदाही "बघा" नाही, "आता तुम्ही म्हणाल" हे ठरलेलं वाक्यही नाही. तारीख आहे, फोन आहे, उचललेला शब्द आहे, मान्य केलेला आक्षेप आहे आणि शेवटी येणारा निष्कर्ष आहे. आणि "चाळीस गाड्या" हा तपशील साहेबांनीच मुलाखतीत दिलेला असायला हवा. त्यांना आठवत नसलेला प्रसंग त्यांच्या तोंडी घातलात, तर तिथे आवाज पोकळ पडतो. शिवाय समोर बसलेल्यांपैकी कुणीतरी त्या दिवशी गोदामात हजर असतोच.

लकब कुठली आणि चाल कुठली, हे ओळखायची एक कसोटी आहे. तो शब्द काढून टाका. अर्थ आणि क्रम तसाच राहिला तर ती लकब, सोडून द्या. काढल्यावर युक्तिवादाचा एक टप्पाच नाहीसा झाला, तर ती चाल, ती ठेवा. वरच्या नमुन्यातलं "बघा" काढा, काहीच बिघडत नाही. "बरोबर आहे" काढा, समोरच्याचं म्हणणं ऐकून घेणारा माणूसच गायब होतो.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या कामगारमंत्री फ्रान्सिस पर्किन्स यांनी एका भाषणासाठी वाक्य दिलं होतं, त्याचा आशय असा: अधिक समावेशक समाज घडवण्याचा आमचा प्रयत्न आहे. रूझवेल्ट प्रत्यक्षात बोलले ते असं: जिथे कुणीही वगळलं जाणार नाही असा देश आपण घडवणार आहोत. मुद्दा तोच राहिला. "समावेशक" हे विशेषण गेलं आणि डोळ्यांसमोर येणारी माणसं आली. "प्रयत्न" गेला आणि निर्धार आला. वक्ता लेखकाचं वाक्य कुठे आणि कसं बदलतो, हे टिपून ठेवण्यासारखं दुसरं शिक्षण या कामात नाही.

तोंडच्या मराठीत कागदाची मराठी शिरणं

लिहायला बसलं की हात आपोआप "केले, गेले, झाले" लिहितो आणि वाचणारा तेच वाचतो. बोलताना "केलं, गेलं, झालं" म्हणणारा माणूस मंचावर "आम्ही हे साध्य केले" म्हणाला की अंतर पडलंच. त्यामुळे भाषणाची प्रत बोलीच्या अनुस्वारांनीच लिहा. साहेब वाचताना बदलून घेतील या भरवशावर राहू नका. दडपणाखाली माणूस समोर दिसतं तेच वाचतो. "परंतु", "तथापि", "याकरिता", "करण्यात आले" हे शब्द त्यांच्या नमुन्यात एकदाही आले नसतील, तर भाषणातही येऊ नयेत.

वाक्यरचनेतली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. लिहिताना आपण क्रियापद शेवटी ठेवतो. बोलताना बरेच जण क्रियापदानंतरही एखादा तुकडा टाकतात: "नाही चालणार हे, आपल्याकडे." "परवडत नाही आता, उशीर." नमुन्यात अशी शेपटीची वाक्यं दिसली, तर भाषणातही महत्त्वाच्या जागी एक-दोन ठेवा. टंकलेखन करणारे किंवा मुद्रितशोधक ती चूक समजून सरळ करतात, म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवा.

आकड्यांचंही तसंच. काही जण "साडेबारा टक्के" म्हणतात, काही "बारा पॉइंट पाच". काही "दीडपट", काही "पन्नास टक्क्यांनी जास्त". दोन्ही बरोबर, पण एका माणसाच्या तोंडी सहसा एकच असतं. ते ऐका आणि प्रतीत अक्षरांत लिहा. इंग्रजी शब्दांबाबतही नियम करू नका, नोंद करा. आपले संचालक "सिस्टीम" म्हणतात पण "वेअरहाउस" म्हणत नाहीत, "गोदाम" म्हणतात. शुद्ध मराठीच्या आग्रहापायी "प्रणाली" लिहिलंत किंवा आधुनिक वाटावं म्हणून "वेअरहाउस" घातलंत, तर दोन्हीकडे ते घसरतात.

आणि "आपण" व "आम्ही". मराठीत ही दोन सर्वनामं श्रोत्याला आत घेतात किंवा बाहेर ठेवतात, त्यामुळे इथे चूक झाली की ती सर्वांना ऐकू जाते. साहेब कधी काय वापरतात याची नमुन्यात वेगळी खूण करा. आपल्या उदाहरणातले संचालक यशाबद्दल "आपण" म्हणतात आणि अवघड निर्णयाबद्दल "मी". मसुद्यात "आम्ही ही सिस्टीम आणण्याचा निर्णय घेतला" असं आलं, तर व्यवस्थापन एका बाजूला आणि कर्मचारी दुसऱ्या बाजूला, असं चित्र उभं राहतं. "आपण निर्णय घेतला" म्हटलं, तर ज्यांना कुणी विचारलंच नाही त्यांच्यावर जबाबदारी ढकलल्यासारखं होतं. इथे "मी" हेच हवं, कारण ते तसंच बोलतात.

मंजुरीच्या फेऱ्यांत आवाज हरवणं

मसुदा लीगलकडे जातो, एचआरकडे जातो, कम्युनिकेशन विभागाकडे जातो, आणि प्रत्येक फेरीत थोडा थोडा घासला जातो. परत आलेला कागद पुन्हा पहिल्या मसुद्यासारखा दिसतो. हे टाळण्यासाठी तपासणाऱ्यांना भाषणाबरोबर एक वेगळं पान द्या, त्यावर भाषणात येणारी विधानं नुसती मांडलेली: तारखा, आकडे, कबुल्या, आश्वासनं. त्यांना त्या पानावरच आक्षेप नोंदवायला सांगा. मग चर्चा विधानावर होते, शब्दांवर नाही.

उदाहरणच घ्या. आपल्या मसुद्यात होतं: "चाचणी अर्धीच झाली होती. तरी चार तारखेला सुरू करा, हा निर्णय माझा." लीगलने ते काढलं आणि लिहिलं, "अंमलबजावणीच्या टप्प्यात काही अनपेक्षित अडचणी उद्भवल्या." हे वाक्य त्या संचालकांच्या तोंडून कधीच निघणार नाही. लीगलला विचारलं की आक्षेप नेमका कशाला आहे, तेव्हा कळलं की तो फक्त अर्ध्या चाचणीच्या उल्लेखाला आहे, कारण उशिरा माल मिळालेल्या ग्राहकाशी वाद चालू आहे. निर्णय कुणाचा, याला हरकत नाही. मग वाक्य झालं: "चार तारीख मी ठरवली. दुसऱ्या कुणी नाही, मी." अडचणीचं विधान गेलं, आवाज राहिला, उचललेला शब्दही राहिला. प्रत्येक वेळी इतकं सरळ जमत नाही. काही वेळा तो भाग अख्खा गाळावा लागतो. तो गाळणं चालेल, पण त्या जागी परक्या भाषेतलं वाक्य बसू देऊ नका.

मनात वाचून मसुदा पास करणं

साहेब गाडीत बसून मसुदा नजरेखालून घालतात आणि "छान आहे" म्हणतात. याचा उपयोग नाही. निदान एकदा त्यांनी उभं राहून, मोठ्याने, तुमच्यासमोर वाचायला हवं. दहा मिनिटं मागून घ्या. त्या वेळी तुम्ही मजकूर ऐकू नका, वाचणाऱ्याकडे बघा. हातात पेन्सिल आणि दुसरी प्रत ठेवा.

वाचनाचा वेग अचानक वाढला, तर ते वाक्य त्यांना आपलं वाटत नाहीये आणि ते उरकायच्या मागे आहेत. वाक्याच्या मधेच श्वास घेतला, तर वाक्य त्यांच्या दमापेक्षा लांब आहे, तिथेच तोडा. एखादा शब्द अडखळला, उदाहरणार्थ "महत्त्वपूर्ण" किंवा "उद्दिष्टपूर्ती", तर सराव करायला सांगू नका, शब्द बदला. नकळत दुसराच शब्द वाचला, तर तो दुसरा शब्द लगेच लिहून घ्या. त्याच्याशी वाद घालू नका. आणि कागद बाजूला ठेवून "म्हणजे मला असं म्हणायचंय की…" असं सांगू लागले, तर पुढची दोन मिनिटं हे त्या भाषणाचं सर्वांत मोलाचं साहित्य आहे. ते उतरवून घ्या आणि लिहिलेला परिच्छेद काढून टाका. काही ठिकाणी तर पूर्ण वाक्यांऐवजी नुसते तीन-चार शब्दांचे मुद्दे ठेवणं बरं, विशेषतः जो प्रसंग ते नेहमी स्वतःच रंगवून सांगतात तिथे.

ही परीक्षा पहिल्याच वाचनाची. तिसऱ्या वेळेपर्यंत परकं वाक्यही जिभेला सवयीचं होतं आणि दोष दिसेनासा होतो.

लांबीचा अंदाजही कुठल्या ठरीव हिशोबावरून करू नका. नमुन्यातला दोन मिनिटांचा तुकडा घ्या, शब्द मोजा, निम्मे करा. आपले संचालक मिनिटाला 96 शब्द बोलतात. आठ मिनिटांचे 768 झाले, पण ते मधे थांबतात, जोड देतात, म्हणून मसुदा 680 ते 700 शब्दांचा पुरे. छापील प्रतीत अक्षर 18 पॉइंटचं, ओळींत दीडपट अंतर, कागदाची एकच बाजू. पानाचा खालचा तिसरा भाग कोरा ठेवा, म्हणजे मान फार खाली जात नाही. एकही वाक्य पान उलटताना तुटू देऊ नका. पानांना क्रमांक द्या, पिन मारू नका.

प्रत्येक सवय जपणं

काही सवयी जशा आहेत तशा मंचावर नेऊ नयेत. बैठकीत एखाद्याला सर्वांदेखत टोचून बोलण्याची सवय असेल, एका मुद्द्यावरून तिसऱ्यावर जाण्याची असेल किंवा कुणाला खुपेल अशा विनोदाची असेल, तर ती तुम्हाला माहीत असली पाहिजे, पण लिहायची नाही. तिच्या जागी त्यांचीच दुसरी सवय आणा. आपल्या संचालकांना आक्षेप स्वतःच मांडून मान्य करायची सवय आहे. जिथे ते एरवी टोमणा मारतील, तिथे ती बसवता येते.

उलटही घडतं. बोलायला रोखठोक असलेले साहेब भाषणासाठी मात्र अलंकारिक भाषा मागतात, एखादं सुभाषित घाला म्हणतात. त्या वेळी चर्चेत जिंकायचा प्रयत्न करू नका. त्यांच्याच प्रश्नोत्तरातला एक मिनिटाचा तुकडा त्यांना ऐकवा आणि लगेच अलंकारिक मसुद्यातला एक परिच्छेद त्यांना मोठ्याने वाचायला द्या. बहुतेक जण पाचव्या ओळीला थांबतात. नाही थांबले आणि तरीही सुभाषित हवंच असेल, तर ते एकदाच घाला, शेवटी नको, आणि त्याच्या पुढचं वाक्य त्यांच्या नेहमीच्या बोलण्यातलं ठेवा.

भाषण झाल्यावर त्याचं रेकॉर्डिंग मिळवा आणि छापील प्रतीशी ताडून बघा. कुठे शब्द बदलले, कुठे वाक्य गाळलं, कुठे स्वतःचं घातलं, हे सगळं एका कागदावर तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या भाषणासाठी तोच कागद समोर घ्यायचा. मुलाखतीचं मूळ रेकॉर्डिंग मात्र काम संपलं की पुसून टाका आणि पुसल्याचं साहेबांना कळवा. त्यात त्यांनी बऱ्याच गोष्टी फक्त तुमच्यापुरत्या सांगितलेल्या असतात.